‘अनलेस’च्या पुढे: एका सूचनापत्रकाच्या नोंदी

३ जून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम आलं. डाईंग विभागात लागणाऱ्या नऊ रसायनांच्या सुरक्षा सूचना इंग्रजीतून मराठीत करायच्या आहेत. पुरवठादाराच्या सेफ्टी डेटा शीटला सोळा विभाग असतात. त्यातला कामगारांना लागणारा मजकूर (प्रथमोपचार, आग, सांडलवंड, साठवण) उचलून कोणीतरी एका एक्सेल फाइलमध्ये बसवलाय. प्रत्येक रसायनाचा भिंतीवर लावायचा एक फलक होणार.

माझं मराठी झालं की त्याच्यावरून पूर्व भागातले एक निवृत्त शिक्षक तेलुगू करणार. त्यांच्यासाठी मूळ मजकूर म्हणजे माझंच मराठी, इंग्रजी ते बघणार नाहीत. मुदत दहा दिवसांची. पैसे बरे आहेत.

४ जून

फाइल `OmegaT` या अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. चारशेच्या आसपास सेगमेंट, म्हणजे एकेका वाक्याचे तुकडे, पडले. सकाळी लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी दीड तास चालते, म्हणून आधी नुसतं चाळून घेतलं.

पहिलं तुटकं वाक्य अकराव्याच सेगमेंटला सापडलं. ‘स्टोअर अ‍ॅट मॅक्स.’ इथे संपतं, आणि पुढचा सेगमेंट ‘३० डिग्री’ने सुरू होतो. हे तुटणं खरं नाही. सॉफ्टवेअरला टिंब आणि त्यापुढे मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं वाक्य संपलं, ‘मॅक्स.’ हे संक्षेपाचं टिंब आहे हे त्याला सांगावं लागतं. सेगमेंटेशनच्या नियमांत वर एक अपवाद टाकला आणि तोडण्याची खूण काढली:

```
Before:  max\.
After:   \s
```

प्रोजेक्ट पुन्हा लोड केला, दोन्ही तुकडे जुळले. हे न करता पुढे गेले असते तर आणखी एक घोळ झाला असता. मराठीत ‘३० अंशांपेक्षा जास्त तापमानात साठवू नका’ असं फिरवून लिहायचं म्हटलं की पहिल्या तुकड्याचं मराठी दुसऱ्यात जातं, दुसऱ्याचं पहिल्यात. आज फाइल वाचायला ठीक दिसते. पण जुने अनुवाद साठवणाऱ्या मेमरीत ‘३० डिग्री’च्या समोर ‘साठवू नका’ बसून राहतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामात आपोआप उगवतं.

अशी नऊ ठिकाणं निघाली. नऊही जुळली.

५ जून

आज जे सापडलं ते जुळणारं नव्हतं.

रसायन: सोडियम हायड्रोसल्फाइट. डाईंगमधला कोणीही याला हायड्रोस म्हणतो. व्हॅट रंगाने सूत रंगवताना कॉस्टिक सोड्याबरोबर लागणारी पांढरी पावडर. ‘आग’ या भागातलं शेवटचं वाक्य असं: ड्रम गरम लागला किंवा त्यातून धूर येऊ लागला तर लोकांना लांब न्या, आणि मग ‘डू नॉट यूज वॉटर अनलेस’. एवढंच. पुढे टिंब नाही, पुढचा सेगमेंट दुसऱ्याच रसायनाचा.

खरं सांगायचं तर मी लगेच थांबले नाही. हात चालू होता, मी टाइप केलं: ‘प्रशिक्षित व्यक्ती हजर असल्याशिवाय पाणी वापरू नका.’ वाचलं, छान वाटलं. पुढच्या सेगमेंटवर गेले, आणि मग वाटलं, हे प्रशिक्षित व्यक्तीचं कुठून आलं? वर पाहिलं. कुठेच नव्हतं. याच फाइलमधल्या कॉस्टिकच्या सूचनेत तसं वाक्य सकाळी केलं होतं, तेच बोटांत राहिलं होतं.

खोडलं. मग दुसरी चूक करायला निघाले. ‘अनलेस’ला पुढे काहीच नाही तर तो शब्द सोडून द्यावा आणि ‘पाणी वापरू नका’ असं लिहावं. काही रचलं नाही, उलट कमीच लिहिलं, म्हणजे सुरक्षित. पण हेसुद्धा शेवट रचणंच आहे. मूळ लेखकाला पाणी वापरायची एक वाट मोकळी ठेवायची होती. मी ती बंद करून वर पूर्णविराम ठोकला असता.

आणि मराठीत हे पकडायला फार अवघड. इंग्रजीत वाक्य ‘अनलेस’वर तुटलं की शाळकरी पोरालाही दिसतं की काहीतरी राहिलं. आपल्याकडे अट आधी येते, क्रियापद शेवटी: ‘अमुक असल्याशिवाय पाणी वापरू नका.’ इंग्रजीत जे शेवटी हरवलं, ते मराठीत वाक्याच्या तोंडाशी असतं. ते गेलं तरी उरलेला भाग ‘पाणी वापरू नका’ स्वतःच्या पायावर उभा राहतो. भोक दिसतच नाही. तेलुगू करणाऱ्या गुरुजींना संशय यायचं काही कारणच उरणार नाही.

सेगमेंट रिकामा ठेवला. नोटमध्ये लिहिलं: ‘अनलेस’पुढे मजकूर नाही, विचारायचं.

६ जून

कारखान्यात जाऊन आले. डाईंग मास्तर तेलुगू, तीस वर्षं याच कामात. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, मीही.

अण्णांना वाक्य वाचून दाखवलं. ते हसले. “ताई, ह्याच्यात काय अडलं? हायड्रोसला पाण्याचा थेंब नको. पाणी वापरू नका, टिंब, संपलं. आग लागली तर वाळू टाकायची.”

त्यांचा अनुभव खोटा नाही. ड्रम उघडा राहिला आणि पावसाळी हवेत पावडरने ओल धरली की ती आतल्या आत तापते. काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा उग्र वास सुटतो, तो सल्फर डायऑक्साइड. तापत तापत ती आपली आपण पेटूही शकते. थोड्या पाण्याने हे वाढतंच, म्हणून थेंब नको ही अण्णांची शिकवण रोजच्या वापरापुरती अगदी रास्त.

पण पेटल्यावर काय? घरी येऊन ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’ काढलं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत अपघाताच्या जागी आधी पोचणाऱ्यांच्या हाती असतं ते. त्यात हायड्रोसचा क्रमांक यूएन १३८४, आणि तो येतो १३५ नंबरच्या मार्गदर्शिकेत. त्या गटातल्या पदार्थांना एरवी पाणी मारू नका असंच सांगितलंय. पण हायड्रोससारख्यांसाठी तिथे खास इशारा आहे: आग छोटी असो की मोठी, पाण्याचा पूर सोडा, म्हणजे आतली क्रिया थांबेल. आणि झाकून दाबायला जाऊ नका, कारण या पदार्थाला जळायला बाहेरची हवा लागत नाही.

म्हणजे अण्णांची वाळूसुद्धा कामाची नाही. आणि माझं ‘पाणी वापरू नका’ फलकावर गेलं असतं, तर जे एक साधन खरोखर चालतं तेच कामगाराने हातातून सोडलं असतं.

आता माझ्यापुढे तीन शेवट आहेत: माझ्या बोटांतला, अण्णांचा आणि गाइडबुकातला. तिसरा रसायनशास्त्राने बरोबर आहे. तरी तो मी या सेगमेंटमध्ये भरणार नाही, कारण पुरवठादाराने ‘अनलेस’पुढे तेच लिहिलं होतं हे मला माहीत नाही. ‘अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय’ असंही असू शकतं. माझं नाव अनुवादक म्हणून आहे. फलकाच्या खाली ‘स्रोत: पुरवठादाराचं डेटा शीट’ असं छापलं जाणार आहे. गाइडबुकातलं मी वेगळ्या पत्रात सेफ्टी ऑफिसरांना कळवलं, तो त्यांच्या निर्णयाचा विषय.

कारखान्यातून निघताना अण्णांनी गोदामाच्या भिंतीवरची जुनी तेलुगू पाटी दाखवली. हायड्रोसबद्दलच आहे म्हणाले. गिलाव्याचा कोपरा पडलाय, आणि उरलेली शेवटची अक्षरं ‘नीळ्ळु पोय’ एवढीच. मी विचारलं, पुढे काय होतं? ‘पोयकूडदु’ असेल तर पाणी ओतू नये, ‘पोयवच्चु’ असेल तर ओतलं तरी चालेल. दोन्हींचं तोंड एकच. अण्णा म्हणाले, “कूडदुच असणार की!” असणार.

७ जून

डोक्यात एक गोष्ट घोळत होती. लेखकाने अर्धवट सोडलं असतं तर एखाद-दुसऱ्या ठिकाणी. मशीनने कापलं असेल तर त्याला माप असणार. म्हणून मूळ एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात अक्षरं मोजणारं हे सूत्र टाकलं आणि खाली ओढलं:

```
=LEN(E2)
```

क्रमाने लावलं. सगळ्यात वर सात ओळी, सातही बरोबर २५५ अक्षरांच्या. २५६ची एक नाही, ३००ची एक नाही. माणूस लिहितो तेव्हा लांबी अशी भिंतीला टेकून थांबत नाही.

२५५ पाहिल्यावर उलगडा झाला. हा मजकूर कधीतरी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसमधून गेलाय. तिथे रकान्याचा प्रकार `Short Text` ठेवला की त्यात जास्तीत जास्त २५५ अक्षरं मावतात. बाजूचा ‘वर्णन’ रकाना पाहिला, तिथे सहाशे-सातशे अक्षरांचा मजकूर सुखरूप आहे. तो `Long Text` असणार. म्हणजे मूळ मजकूर कुठेतरी शाबूत आहे, फक्त वाटेत छाटला गेलाय. ही मोठी सोय. लेखकानेच सोडलेलं असतं तर विचारायला कोण होतं?

सातांपैकी पाच तर मी वाचताना पकडली होती. सहावं एका शब्दाच्या मध्येच तुटलं होतं, ‘कंटेनर’मधला ‘कंटे’. ते मी घाईत ‘डबा’ समजून अनुवादून मोकळी झाले होते. आणि सातव्याने घाम फोडला. हायड्रोसच्याच प्रथमोपचारात, पोटात गेल्यास काय करावं, शेवटचं वाक्य ‘रिन्स माउथ विथ वॉटर.’ टिंबासकट पूर्ण. व्याकरणात खोट नाही, अर्थात खोट नाही. पण अक्षरं २५५. कात्री नेमकी टिंबावर पडलीय. त्यापुढे आणखी काही होतं का, ‘उलटी करवू नका’ किंवा तसंच काही, हे वाक्य वाचून कधीच कळलं नसतं. मी ते परवाच करून टाकलं होतं. पुन्हा उघडलं, मराठी पुसलं, नोट टाकली.

९ जून

सेफ्टी ऑफिसरांना मेल. आधी मसुदा असा होता: “इथे ‘भरपूर पाणी असल्याशिवाय’ असं अपेक्षित आहे का?” पाठवण्याआधी हे वाक्य काढून टाकलं. कामात बुडालेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की उत्तर “येस, करेक्ट” असंच येतं. तो मूळ उघडत नाही, माझ्या अंदाजावर सही करतो, आणि मग तो अंदाज राहत नाही.

पाठवलं ते असं: “फाइलमधल्या खालील सात ओळींचा मजकूर २५५व्या अक्षरावर कापला गेला आहे. ओळ क्रमांक आणि शेवटचे पाच शब्द सोबत देत आहे. कृपया पुरवठादाराच्या मूळ पीडीएफमधून या ओळींचा संपूर्ण मजकूर चिकटवून पाठवावा. तो येईपर्यंत या सात ओळी रिकाम्या ठेवते. यातली एक ओळ पूर्ण दिसते, तीही तपासावी.”

दुपारी फोन. “मॅडम, सेन्स तर लागतोय ना? तुम्हीच पूर्ण करून टाका.”

मी म्हटलं, “सर, सेन्स तीन लागतायत. अण्णांचा वेगळा, माझा वेगळा, गाइडबुकचा वेगळा. फलक कोणत्या सेन्सने लावायचा?”

जरा वेळ शांतता. मग, “पीडीएफ मागवतो.”

१२ जून

बाकी सगळं काम दिलं. सात सेगमेंट रिकामे. `OmegaT`मध्ये सेगमेंट मोकळा सोडला की तयार फाइलमध्ये तिथे मूळ इंग्रजीच येतं. मराठी फलकाच्या मधोमध अर्धवट इंग्रजी ओळ दिसते, डोळ्यात खुपते. मला तेच हवं होतं. छापायला जाणारा माणूस तिथे अडखळला पाहिजे.

चौकोनी कंसात ‘मूळ वाक्य इथे तुटले आहे’ असं मराठीत लिहायचाही विचार केला होता. इतिहासाच्या कागदपत्रांत तेच योग्य, कारण तिथे तुटलेपण हाच मजकुराचा भाग असतो आणि पुढचं कधी मिळणार नसतं. तशा जागी मी ‘पाणी तेव्हाच वापरा, जेव्हा […]’ अशी मांडणी केली असती, म्हणजे अट शेवटी जाऊन भोक भोकाच्या जागी राहतं. भिंतीवरच्या फलकावर मात्र कंस वाचत कोण बसणार?

१६ जून

पीडीएफ आली. सातपैकी सहा ओळींचा मजकूर मिळाला.

‘अनलेस’पुढे होतं: सुरक्षित अंतरावरून ‘फ्लडिंग क्वांटिटीज’मध्ये मारता येत असल्याशिवाय. गाइडबुकाशी जुळलं. माझा प्रशिक्षित माणूस आणि अण्णांचं टिंब दोन्ही बाद. टिंबावर संपलेल्या त्या ओळीपुढेही एक वाक्य होतंच: उलटी करवू नका, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.

आता ‘फ्लडिंग’ला काय लिहावं? ‘भरपूर’ लिहिलं आणि अण्णांना फोनवर विचारलं, भरपूर म्हणजे किती? “दोन-तीन बादल्या.” म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच. ‘मोठ्या प्रमाणात’ सरकारी. ‘होज पाइपने’ लिहिलं तर चित्र बरोबर उभं राहतं, पण मुळात पाइप नाही. शेवटी असं केलं:

‘सुरक्षित अंतरावरून धो धो पाणी सोडता येत असेल तरच पाणी वापरा.’

‘वापरू नका’चं ‘तरच वापरा’ केलं, अर्थ तोच राहतो आणि अट पुढे येते. मागे ‘थोडे पाणी मारू नका’ जोडायचा मोह झाला. वाक्याच्या अर्थामध्ये ते दडलेलं आहे, पण मुळात तसं वाक्य नाही. सेफ्टी ऑफिसरांना विचारलं, ते म्हणाले खाली कारखान्याची टीप म्हणून वेगळं घालू. ठीक.

१९ जून

प्रूफ आलं. अण्णांना दाखवायला घेऊन गेले आणि तिथेच उभ्या उभ्या वाचताना एका फलकावर थांबले. शेवटची ओळ: ‘साठवणीच्या जागेत ओले हात किंवा ओली भांडी घेऊन ड्रमचे झाकण उघडू’.

उघडू. पुढे काही नाही.

माझ्या फाइलमध्ये ‘उघडू नका’ आहे. मग कळलं: कोणीतरी माझं मराठी परत त्याच अ‍ॅक्सेसमध्ये, त्याच रकान्यात ओतलं आणि तिथून फलक काढले. तीच कात्री, या वेळी मराठीवर. आणि मराठीवर ती लवकर पडते, कारण मोजणीत काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी धरली जातात. ‘हायड्रोस’ डोळ्याला चार अक्षरं, संगणकाला आठ. इंग्रजीत सुखरूप निघालेल्या ओळी मराठीत २५५च्या पार गेल्या होत्या.

इंग्रजीत कात्रीने अट नेली होती. मराठीत शेवटी असतं क्रियापद, आणि क्रियापदाच्याही शेवटी ‘नका’. ‘उघडू’पुढे नका आहे, नये आहे, शकता आहे की द्या आहे? अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “आपल्या पाटीसारखंच झालं की ओ.”

LEN पुन्हा लावला, आता मराठी रकान्यावर. सव्वीस ओळी २५५च्या वर. त्यांचं मराठी लहान करायला सांगतील याची भीती होती. सुदैवाने डेटा बघणाऱ्या मुलाने दोन मिनिटांत रकाना `Long Text` केला. मात्र आधी कापलेलं त्याने आपोआप परत येत नाही, माझी फाइल नव्याने ओतावी लागली. गुरुजींना लगेच फोन केला. त्यांनी कापलेल्या प्रतीवरून चार फलकांचं तेलुगू केलं होतं. त्या ओळीला त्यांनी ‘कूडदु’ लावलं होतं, अंदाजाने. बरोबर निघालं. तरी चारही त्यांनी पुन्हा तपासायला घेतले, आणि दुसऱ्या एका फलकात ‘वारा येऊ’पुढे त्यांनी ‘नका’चं तेलुगू घातलेलं सापडलं. मुळात होतं ‘येऊ द्या’.

२३ जून

नऊपैकी आठ फलक छापायला गेले. छापण्याआधी प्रत्येक रकान्याचा शेवटचा शब्द माझ्या फाइलशी बोट ठेवून ताडून पाहिला. अर्धा तास लागला.

नववा हायड्रोजन पेरॉक्साइडचा. सातवी न मिळालेली ओळ त्याचीच आहे, पुरवठादार बदललाय आणि जुन्याकडून उत्तर नाही. सेफ्टी ऑफिसरांनी नव्या पुरवठादाराचं शीट मागवलंय, ते आलं की तो फलक पहिल्यापासून करायचा. तोवर सेगमेंट रिकामा, आणि त्या फलकाची जागा भिंतीवर मोकळी.